कोपर वाकलेलं असूनही अॅक्शन वैध कशी?

प्रश्न : 'मुरलीचा हात तर उघड वाकलेला दिसायचा, तरी तो खेळत राहिला. आणि कुणाकुणावर अॅक्शनच्या चाचणीनंतर एकदम बंदी येते. १५ अंशांचा नियम आहे तर सगळ्यांना सारखा का नाही? आणि अॅक्शन चुकीची असेल तर अंपायर त्याच चेंडूला नो-बॉल का देत नाहीत?'

नियम सगळ्यांना सारखाच आहे. मोजतात काय, एवढंच लोकांच्या डोक्यात उलटं बसलंय. कोपर किती वाकलंय हे कुणीच मोजत नाही. दंड खांद्याच्या रेषेत आडवा आला, त्या क्षणापासून चेंडू हातातून सुटेपर्यंत कोपर किती सरळ झालं, ते मोजतात. हा फरक १५ अंशांपर्यंत चालतो. दंड आडवा असताना कोपर ३० अंश वाकलेलं आणि चेंडू सुटताना २२ अंश, तर फरक ८. हात कितीही वाकडा दिसला तरी चेंडू वैध. उलट २५ अंशांवरून ५ वर आलं, तर सुटताना हात जवळजवळ सरळ दिसेल, पण फरक २० झाला आणि चेंडू अवैध. मुरलीधरनचं कोपर जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नव्हतं, त्यामुळे तो सतत वाकलेलाच दिसायचा. काहींचं कोपर सरळ रेषेच्याही मागे जातं; ते जास्तीचं वाकणं या हिशेबात धरत नाहीत.

हा आकडा २००५ पासून सगळ्यांना एकच आहे. त्याआधी वेगवान गोलंदाजाला १०, मध्यमगतीला साडेसात आणि फिरकीला ५ अंश अशी वेगवेगळी सूट होती. २००४ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत गोलंदाजांचं चित्रीकरण करून तपासलं, तेव्हा निर्दोष समजल्या जाणाऱ्यांचंही कोपर थोडंफार सरळ होतं हे दिसलं. साधारण १५ अंशांपलीकडे गेलं तरच ते नुसत्या डोळ्यांना जाणवतं, म्हणून रेषा तिथे आखली.

आता अंपायरचं. उघड फेक दिसली तर नो-बॉल द्यायचा अधिकार त्यांना आजही आहे. पण क्षणार्धात, एकाच कोनातून, १३ अंश की १७ हे कुणालाही सांगता येणार नाही. खांदा आतल्या बाजूला वळला की वाकलेलं कोपर आपोआप सरळ होतंय असा भास होतो. टीव्हीवरचा स्लो-मोशनही इथे फसवतो, कारण ते एका बाजूने घेतलेलं सपाट चित्र असतं. म्हणून संशय आला की सामना संपल्यावर लेखी तक्रार करतात आणि गोलंदाजाला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवतात. भारतात ही सोय चेन्नईला आहे. तिथे खांदा, कोपर, मनगटावर चमकणारे ठिपके चिकटवून अनेक वेगवान कॅमेऱ्यांसमोर गोलंदाजी करून घेतात आणि हाताची हालचाल त्रिमितीत मोजतात. तो जे जे चेंडू टाकतो, त्या प्रत्येक प्रकाराची वेगळी मोजणी होते. तिथे मुद्दाम सांभाळून टाकलं तर? म्हणून सामन्यातल्या चित्रीकरणाशी वेग, फिरकी आणि अॅक्शन ताडून बघतात.

वानखेडेवरची सचिनची शेवटची कसोटी, नोव्हेंबर २०१३, सगळ्यांना आठवत असेल. त्याच सामन्यानंतर वेस्ट इंडीजच्या शेन शिलिंगफर्ड आणि मार्लन सॅम्युअल्स या दोन ऑफस्पिनरांची तक्रार झाली. पर्थला दोघांची चाचणी झाली. निकाल यायचा होता, तोवर शिलिंगफर्ड न्यूझीलंडमध्ये कसोटीत गोलंदाजी करत होता, आणि ते नियमाला धरूनच होतं : नुसत्या तक्रारीने कुणी थांबत नाही. डिसेंबरमध्ये निकाल आला. शिलिंगफर्डचा नेहमीचा ऑफब्रेक आणि त्याच्या उलट दिशेने वळणारा 'दुसरा' नावाचा चेंडू, दोन्ही १५ च्या वर, म्हणून गोलंदाजीवर पूर्ण बंदी. सॅम्युअल्सचा ऑफब्रेक मर्यादेत, फक्त जोरात टाकलेला चेंडू बाहेर. मग त्याला तेवढाच चेंडू बंद आणि बाकी गोलंदाजी चालू. एकाच सामन्यातली तक्रार, एकच नियम, निकाल दोन. पुढे अॅक्शन सुधारून शिलिंगफर्ड २०१४ मध्ये परतला, तोही फक्त ऑफब्रेकपुरता. 'दुसरा' त्याला वर्ज्यच राहिला.

एकदा पास झालं म्हणजे कायमचा परवाना मिळाला, असंही नाही. पाकिस्तानचा ऑफस्पिनर सईद अजमल २००९ च्या चाचणीत सुटला आणि २०१४ मध्ये ब्रिस्बेनला त्याचे सगळेच चेंडू मर्यादेबाहेर निघाले. थकवा, दुखापत, जास्त वेगाचा हव्यास यांनी अॅक्शन हळूहळू सरकते. मला वाटतं, आधी पास झालेल्याला नवे अंपायर जाणूनबुजून छळतात, असा जो आरोप होतो त्यापेक्षा हे कारण बहुतेक वेळा खरं असतं. शिवाय २०१४ मध्ये आयसीसीने चाचणीची पद्धतही बदलली आणि संशयितांवरची नजर कडक केली. त्या वर्षी एकापाठोपाठ एक फिरकीपटू अडकले ते उगाच नाही.

बंदी असते ती फक्त गोलंदाजीवर. फलंदाज म्हणून संघात राहता येतं आणि अॅक्शन बदलून फेरचाचणी केव्हाही मागता येते. मात्र दोन वर्षांत दुसऱ्यांदा नापास झालात, तर किमान १२ महिने गोलंदाजी बंद, आणि तोवर फेरचाचणीही नाही. सॅम्युअल्सला २०१५ मध्ये गॉल कसोटीनंतर नेमकी हीच शिक्षा झाली, कारण वानखेडेनंतरच्या निकालाला तेव्हा दोन वर्षं पुरी झाली नव्हती.