एनआयसीयूत नवीन आहेस, तर आधी एवढंच सांभाळ

समज, बाळ 1200 ग्रॅमचं आहे. दिवसाला किलोमागे 150 मिली दूध म्हणजे 180 मिली. दर दोन तासांनी 15 मिली. जन्माचं वजन परत येईपर्यंत हिशेब जन्माच्या वजनावरच धर. उतरलेल्या वजनावर धरलास तर दूध कमी पडतं.

आईचं दूध दिवसाला किलोमागे 100 मिली पचू लागलं की डॉक्टरांना विचारून फॉर्टिफायर सुरू होतो. नुसत्या दुधातून इतक्या लहान बाळाला प्रथिनं, कॅल्शियम, फॉस्फरस पुरत नाही. फॉर्टिफायरची पुडी अंदाजाने अर्धी करू नकोस. नव्या मुलींची हीच चूक मी सर्वांत जास्त पाहते. पाकिटावर लिहिलेलं दूध मोजून घे, त्यात पूर्ण पुडी मिसळ.

वजन रोज त्याच काट्यावर, त्याच वेळी, लंगोट काढून. पण एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नकोस, आठवडा बघ. 1200 चे सात दिवसांत 1340 झाले, तर वाढ रोज 20 ग्रॅम. सरासरी वजन 1.27 किलो, म्हणजे किलोमागे रोज साधारण 16 ग्रॅम. आपल्याला 15 ते 20 हवेत. शेजारी डोक्याचा घेर आणि लांबी आठवड्याला लिही.

पोट फुगलं, हिरवी उलटी झाली किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर पुढचं दूध थांबव आणि लगेच डॉक्टरांना बोलाव.