सॉटे, सिमर, ब्लांच आणि फोल्ड

प्रश्न: रेसिपीत सॉटे, सिमर, ब्लांच, फोल्ड असं लिहिलेलं असतं. म्हणजे नेमकं करायचं काय?

सॉटे म्हणजे आपलं परतणं. थोडं तेल, मोठी आच आणि हात चालू. कढई गच्च भरलीत तर भाजी परतली जात नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजते. सिमर म्हणजे मंद आचेवर शिजू देणं. एखाददुसरा बुडबुडा येत राहावा, खळखळ नको.

ब्लांच मात्र बरेच जण अर्धवट सोडतात. पालक पनीरसाठी पाणी खळखळून उकळा, पालक टाका आणि मिनिटभरात पानं मऊ पडली की लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवा. मी आधी पालक नुसता चाळणीत निथळत ठेवायचे. तो आतल्या उष्णतेने शिजत राहायचा आणि ग्रेव्ही मळकट हिरवी व्हायची. उकळताना झाकणही नको. पालकातली आम्लं रंग घालवतात, ती वाफेबरोबर जाऊ द्या.

फोल्ड केकमध्ये लागतं. फेसलेल्या अंड्यात मैदा घालून फेटलंत तर कोंडलेली हवा निघून जाते. म्हणून चमचा तळाशी नेऊन मिश्रण अलगद वर उलटायचं. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा.