जर्मनीत लाइटचं मीटर रीडिंग आणि ॲपमधले टॅरिफ

"ताई, दोन महिन्यांनी बायको-मुलाला घेऊन जर्मनीत शिफ्ट होतोय. लाइटचं रीडिंग म्हणे आपणच ॲपवर टाकायचं, आणि ॲप सगळं जर्मनमध्ये. ते कसं टाकायचं आणि टॅरिफ कोणता घ्यायचा ते कसं कळतं?"

व्हिसा, अनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी वगैरे सगळीकडे लिहिलेलं आहे, ते मी सांगत बसत नाही. मीटरचं मात्र सांगतेच, कारण ते अजून डोक्यातून जात नाही.

आम्हाला घराची किल्ली मिळाली त्याच दिवशी लेकीच्या शाळेत भेट होती. भाषा येत नाही म्हणून तिला एक वर्ष खालच्या वर्गात बसवायचं ठरलं होतं, माझं सगळं लक्ष तिकडे. घरमालकानं ताबा देतानाचा कागद पुढे केला, Übergabeprotokoll, त्यात Zählerstand म्हणजे मीटरच्या आकड्याचा रकाना कोरा होता आणि मी तशीच सही ठोकली. आपल्याकडे महावितरणचा माणूस येऊन मीटरचा फोटो काढून जातो ना, तेच डोक्यात.

वर्षानं बिल आलं, २,९०० युनिट. तिघांचं घर, गरम पाणीसुद्धा विजेवर नाही, मग एवढी वीज गेली कुठे? सुरुवातीच्या आकड्यापुढे बारीक अक्षरात geschätzt लिहिलेलं, म्हणजे अंदाजानं धरलेला. २१,७१० धरला होता. वर्षाअखेरीस मी स्वतः २४,६१० टाकला, तो खरा. पुढच्या वर्षी आकडा २६,५७० झाला, म्हणजे खरा वापर १,९६० चा, तेव्हा उजेड पडला. वरचे ९४० युनिट बहुतेक आधीच्या भाडेकरूचे, ३३ सेंटच्या दरानं ३१० युरो झाले. फोटो नव्हता, त्यामुळे भांडायला काही उरलंच नाही.

म्हणून किल्ली हातात आली की आधी मीटर बघा. तो बऱ्याचदा तळघरात असतो, एका कपाटात दहा-बारा मीटर, दाराचे नंबर लिहिलेले असतातच असं नाही. कागदावरचा Zählernummer मीटरवरच्या नंबराशी जुळवा आणि नंबर आणि रीडिंग दोन्ही येतील असा एकच फोटो काढा. जुन्या चकतीच्या मीटरला शेवटचा आकडा लाल चौकटीत असेल तर तो दशांशातला, तो ॲपमध्ये टाकायचा नाही. मी एकदा 24610,3 चं 246103 टाकलं, ॲपनं आकडा जुळत नाही म्हणून ओरडा केला, बरं झालं. नव्या डिजिटल मीटरवर ज्या आकड्याशेजारी 1.8.0 दिसतं तोच घ्या. 2.8.0 म्हणजे सोलरमधून ग्रिडला दिलेली वीज, तिचा आपल्याशी संबंध नाही. ॲपमध्ये बटण असतं Zählerstand melden, तिथे तारीख घराचा ताबा घेतल्याची टाका, ज्या दिवशी ॲप उघडलं त्या दिवसाची नाही.

आता टॅरिफ. ॲप आधी घरात माणसं किती ते विचारतं आणि तिघांना ३,५०० युनिट वगैरे धरून टाकतं, तिथे आपला आकडा भरा. पहिल्या वर्षी तुम्हाला तो माहीत नसेल, हरकत नाही, पुढच्या वर्षी असेल. मग मोठ्या अक्षरात दिसतो Abschlag, महिन्याचा हप्ता, त्याच्याकडे बघूच नका, तो नुसता ॲडव्हान्स आहे. खाली दोनच आकडे बघा, Arbeitspreis म्हणजे युनिटचा दर आणि Grundpreis म्हणजे दरमहाचा ठरलेला आकार.

समजा २,००० युनिट. एक टॅरिफ ३१ सेंट आणि महिना १४ युरो, वर्षाला ६२० अधिक १६८, म्हणजे ७८८. दुसरा ३६ सेंट आणि १५ युरो, म्हणजे ९००, पण नवीन ग्राहकाला १५० बोनस, म्हणून ॲप ७५० दाखवतं आणि तो वरती येतो. बोनस पहिल्याच वर्षाचा, पुढच्या वर्षी पूर्ण ९०० लागतात. दोन वर्षांचे १,६५० आणि पहिल्याचे १,५७६. दुसरा घ्यायचाच असेल तर वर्ष संपायच्या आत Kündigungsfrist म्हणजे करार सोडायच्या नोटीसची मुदत बघून बाहेर पडायचं, आणि ते शिस्तीनं करणारी माणसं मला तरी फार भेटली नाहीत. आमच्या घरात तर नाहीच.

आणि हो, कोणाशीच करार केला नाहीत तरी पहिल्या दिवशी दिवे लागतात, मग आपण आपोआप तिथल्या Grundversorgung मध्ये म्हणजे स्थानिक कंपनीच्या मूळ पुरवठ्यात जातो, ते बहुतेक महाग पडतं. घाबरू नका, दोन आठवड्यांच्या नोटीसवर सुटता येतं. पण जून २०२५ पासून मागच्या तारखेनं करार लावता येत नाही, त्यामुळे आधीच नोंदवा.

एकटेपणाचं कोणी विचारत नाही, मीही लिहीत नाही, होतं सवयीचं. शाळेचं मात्र होत नाही सवयीचं. लेक आता माझ्याबरोबर टॉर्च घेऊन तळघरात येते, आकडे जर्मनमध्ये वाचून दाखवते. तिनंच मला सांगितलं, आई, vierundzwanzig म्हणजे आधी चार मग वीस, अगदी आपल्या चोवीससारखं. एवढं कळणाऱ्या पोरीला वर्षभर खाली बसवलं होतं.