'करण्यात आले' : कर्मणी नेमका कुठला काढायचा?

प्रश्न : माझ्या मसुद्यावर शेरा आला, 'कर्मणी काढा, ठोस लिहा'. पण 'समितीने निर्णय घेतला' हासुद्धा कर्मणीच ना? मग काढायचं काय? आणि 'करण्यात आले' व्याकरणदृष्ट्या चूक आहे का?

चूक नाही. आणि 'समितीने निर्णय घेतला' याला हातही लावू नका. शाळेत शिकवतात त्या हिशेबाने तो कर्मणी आहे, कारण क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं : निर्णय घेतला, भूमिका घेतली, निर्णय घेतले. पण त्यात कर्ता 'ने' लावून उजळ माथ्याने उभा आहे. हल्ली 'कर्मणी टाळा' असा सल्ला देणारे इंग्रजी लेखनाचे धडे जसेच्या तसे मराठीवर लादतात आणि अशा निरुपद्रवी वाक्यांवर लाल रेघ ओढतात. तसं केलं तर भूतकाळातलं जवळजवळ प्रत्येक सकर्मक वाक्य बाद होईल. संस्कृतातलं 'कृत' प्राकृतात 'कअ' झालं, त्याला 'इल्ल' जोडला गेला आणि आपला 'केला' जन्मला. म्हणजे आपला भूतकाळच कर्मणीच्या पोटातून आलेला आहे. तो कसा काढणार?

काहींच्या मते मराठीतला कर्ता लपवणारा कर्मणी इंग्रजांबरोबर आला. 'रामाकडून रावण मारला गेला' हा वळसा व्याकरणात 'नवीन कर्मणी' म्हणून नोंदवलेला आहे आणि त्यातल्या 'कडून'वर इंग्रजीची सावली असेलही. पण लपवण्याची सोय आपल्याकडे जुनीच आहे. जुन्या मराठीत 'करिजे', 'बोलिजे', 'देइजे' अशी रूपं होती, म्हणजे केलं जातं, बोललं जातं, दिलं जातं. प्राकृतातल्या 'करिज्जइ'ची ती संतती. ती रूपं गेली, पण त्यातलं एक तुम्ही रोज वापरता : 'पाहिजे'. मुळात ते 'पाहिलं जातं'. कशावरून? 'मला वही पाहिजे', पण 'मला वह्या पाहिजेत'. अनेकवचन वहीचं आहे, माझं नाही. 'म्हणजे' हे त्याचंच भावंड, मूळ 'म्हणिजे'.

माझा एक लाडका तर्क आहे, पटला तर घ्या : अहवालांतून 'लक्ष दिले पाहिजे', 'काळजी घेतली पाहिजे' यांचा जो सुकाळ असतो तो या जुन्या कर्मणीचा वारसा. लक्ष कुणी द्यायचं, हे सांगण्याची सक्ती त्या शब्दाला कधी नव्हतीच.

तर मसुदा. त्यात 'करण्यात' शोधा आणि त्याच्या डावीकडचं नाम बघा. खरं क्रियापद बहुधा तिथे कोंडलेलं असतं : तपासणी, दुरुस्ती, अंमलबजावणी. असं एक वाक्य घ्या :

'प्राप्त तक्रारींच्या अनुषंगाने लिफ्टची तपासणी करण्यात आली असून आवश्यक त्या दुरुस्तीबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.'

'तपासणी करण्यात आली'चं 'तपासली' झालं. पुढे व्याकरण संपतं आणि विचारपूस सुरू होते. तक्रार कसली? तपासली कुणी? काय सापडलं? 'योग्य ती कार्यवाही' म्हणजे फोन केला की सुटा भाग मागवला? लेखकाने उत्तरं दिली की वाक्य असं होतं :

'दार बंद होत नसल्याची तक्रार रहिवाशांनी केली. तंत्रज्ञाने लिफ्ट तपासली, तेव्हा दाराचा सेन्सर निकामी निघाला. व्यवस्थापकांनी नवा मागवला आहे. तो शुक्रवारी बसवतील.'

'अनुषंगाने', 'आवश्यक', 'योग्य' तिन्ही गळाले आणि शुक्रवार आला. गंमत बघा : 'केली', 'तपासली', 'मागवला' हे सगळे शाळेच्या हिशेबाने कर्मणीच! प्रयोगाचं नाव न बदलताही वाक्य सुधारलं, कारण बदल कर्ता आणि माहिती यांत झाला. 'समितीद्वारे निर्णय घेण्यात आला' यातला 'द्वारे' मात्र बिनदिक्कत उडवा. निर्णय समितीच्या दारातून गेलेला नाही, समितीनेच घेतला आहे.

'करण्यात आले' कुठे ठेवावं? कर्ता कोण याला महत्त्व नसेल तिथे. 'रुग्णाला सकाळी घरी सोडण्यात आलं' यात सही कोणत्या डॉक्टरांची, हे वाचकाला नको असतं. तिथे ओढूनताणून 'डॉक्टरांनी' आणलं तर नजर उगाच रुग्णावरून हटते.

कर्ता हवा आहे पण लेखकालाच ठाऊक नाही, असं झालं तर वाक्य तसंच ठेवा आणि समासात 'कुणी?' एवढं लिहून मसुदा परत पाठवा. आपल्या मनाने 'प्रशासनाने' घालू नका. तो कर्ता दिसायला ठीक, पण त्यातून वाचकाला माणूस सापडत नाही, आणि लेखकाने न केलेलं विधान मात्र त्याच्या नावावर चढतं.