दांडी गुल की त्रिफळाचीत?

प्रश्न : हायलाइट्ससाठी इंग्रजी कॉमेंट्रीच्या ओळी मराठीत करतोय. ‘त्रिफळाचीत’ लिहिलं की थरार जातो, इंग्रजी ठेवलं तर आईला कळत नाही. कुठले शब्द घ्यावेत?

‘त्रिफळाचीत’ धावफलकाचा शब्द आहे, तिथे तो शोभतो. त्यातला ‘चीत’ कुस्तीच्या आखाड्यातून आलाय, म्हणजे मुळात चांगलाच रांगडा; पण छापून छापून इस्त्रीचा झाला. आमच्या सदाशिव पेठेतल्या बोळात दांडी उडाली की ‘त्रिफळाचीत!’ असं कुणीही ओरडलेलं मला आठवत नाही. ‘दांडी गुल!’ हेच ओरडायचे. तुमच्या आईलाही ते कळेल.

पण खरी गोची शब्दांपेक्षा क्रमात आहे. ‘बोल्ड हिम! थ्रू द गेट!’ ही ओळ घ्या. व्याकरणशुद्ध मराठी होतं, ‘बॅट आणि पॅडमधून चेंडू आत घुसवत गोलंदाजाने फलंदाजाचा त्रिफळा उडवला.’ आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘उडवला’ ऐकू येईपर्यंत बेल्स जमिनीवर पडलेल्या असतात आणि कॅमेरा फलंदाजाच्या पडलेल्या चेहऱ्यावर गेलेला असतो. म्हणून दांडी उडताक्षणी ‘दांडी गुल!’ म्हणून मोकळं व्हायचं. ‘बॅट आणि पॅडच्या फटीतून!’ हे रिप्लेवर. ‘गेट’चा दरवाजा मात्र करू नका, फटच बरी.

आता २ एप्रिल २०११. कुलसेकराचा चेंडू, वानखेडे, आणि रवी शास्त्रींची ती ओळ : ‘धोनी फिनिशेस ऑफ इन स्टाइल... इंडिया लिफ्ट द वर्ल्ड कप आफ्टर ट्वेंटी एट इयर्स!’ ‘धोनीने शैलीत समाप्त केले’ म्हणजे मयताची बातमी. ‘भारताने विश्वचषक उचलला’ म्हटलं तर पुण्यात कुणीतरी विचारेल, ‘कुठून उचलला? परत कधी देणार?’ मी असं करीन :

‘धोनी! उंच... लांब... थेट प्रेक्षकांत! षटकार! अठ्ठावीस वर्षांनी विश्वचषक भारताचा!’

यात एकही क्रियापद नाही. चेंडू हवेत असताना ‘उंच... लांब...’ ताणता येतं, तो पडला की ‘षटकार’. ‘इन स्टाइल’ गाळलंय, कारण ते चित्रात दिसतंच.

राहिले इंग्रजी शब्द. षटकार, चौकार, झेल, धाव बिनधास्त मराठीत, कारण ते ओरडता येतात. यॉर्कर, गुगली, स्लिप, कव्हर ड्राइव्ह तसेच ठेवा. त्यांना मराठी शब्द शोधत बसलात तर आई सोडा, तुम्हालाही कळणार नाही. मध्ये लटकतो तो एलबीडब्ल्यू. ‘पायचीत’ चार अक्षरांत निकाल सांगतो, आणि पाय शब्दातच असल्यामुळे न खेळणाऱ्यालाही अंदाज येतो. मी तोच घेतो. पण अपील चालू असताना तो वापरू नका. अंपायरचं बोट वर जाईपर्यंत ‘पायावर!’ एवढंच म्हणा, नाहीतर तुमची ओळ अंपायरच्या आधी निकाल देईल.