‘टुमॉरो, अँड टुमॉरो’ : आघात कुठे, बदल कुठे

प्रश्न : मॅकबेथचं ‘टुमॉरो अँड टुमॉरो’ हे भाषण आयंबिक पेंटामीटरमध्ये आहे असं सगळीकडे वाचतो. पण मोजायला बसलो की कुठे अकरा सिलॅबल भरतात, कुठे सहाच. मग हे पेंटामीटर कसं? आणि कुठला बदल मुद्दाम केलेला आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर : आधी मोजणीचं बघू, कारण आपली निम्मी गडबड तिथेच होते. अक्षरगणवृत्ताची सवय असलेला कान लघु-गुरू शोधतो, म्हणजे स्वर ऱ्हस्व की दीर्घ ते पाहतो. इंग्रजी छंदाला त्याचं काही देणंघेणं नाही. तिथे उच्चारात जोर कुठे पडतो एवढंच महत्त्वाचं. शिवाय देवनागरीत लिहून अक्षरं मोजली तर हमखास चुकतं. ‘टाइम’ला लिहिताना तीन अक्षरं लागतात, पण सिलॅबल एकच. तेव्हा ओळ मोठ्याने म्हणा आणि स्वरांचे ठोके मोजा.

आयंब म्हणजे एक हलकं आणि त्यामागून एक जोराचं सिलॅबल. अशा पाच जोड्या, म्हणजे पाच फूट, झाले की पेंटामीटर. ओळीच्या शेवटी एखादं हलकं सिलॅबल जादा आलं तरी छंद मोडत नाही. त्याला फेमिनाइन एंडिंग म्हणतात. तुमच्या अकराच्या ओळींपैकी बहुतेकींचा उलगडा एवढ्यावरच होतो.

खुणा करताना थेट ड-डुम, ड-डुम लावत सुटू नका, नाहीतर प्रत्येक ओळ नियमित असल्याचंच ‘सिद्ध’ होईल. आधी एकाहून जास्त सिलॅबलचे शब्द घ्या. त्यांचा आघात शब्दकोशात ठरलेला असतो, तो वाकत नाही: टु-मॉ-रो, रि-कॉर-डेड, कँ-डल. मग एका सिलॅबलचे शब्द पाहा. नाम, क्रियापद, विशेषण असेल तर बहुधा जोर. ‘टु’, ‘द’, ‘ऑफ’, ‘अँड’ असेल तर बहुधा नाही. एवढं झाल्यावरच उभ्या रेघा मारून फूट पाडा. आणि जोर नेहमी त्याच फुटातल्या शेजाऱ्याशी ताडून पाहायचा, अख्ख्या ओळीशी नाही.

आता पहिली प्रसिद्ध ओळ :

टु-मॉ | रो-अँड | टु-मॉ | रो-अँड | टु-मॉ | रो

अकरा सिलॅबल, पाच फूट आणि शेवटचं ‘रो’ जादा. गंमत ‘अँड’ची आहे. एरवी गिळून टाकायचा शब्द, पण दोन हलक्या सिलॅबलांच्या मधे अडकल्यामुळे छंद त्याला जोराची जागा देतो. तो ‘मॉ’इतका ठासून म्हणायचा नाही, पण घाईने उडवताही येत नाही. नट त्यावर नकळत रेंगाळतो, आणि दिवसामागून दिवस ढकलण्याचा कंटाळा ऐकू येतो. म्हणजे अर्थ फक्त नियम मोडल्यानेच निघतो असं नाही. इथे तो पाळल्याने निघाला आहे.

पुढची ओळ ‘क्रीप्स इन धिस पेटी पेस फ्रॉम डे टु डे’. हिचा पहिला फूट उलटा आहे, क्रीप्स-इन, जोर आधी. याला ट्रोकी म्हणतात. यावर लगेच निबंध लिहायला घेऊ नका. ओळीच्या सुरुवातीला किंवा मधल्या यतीनंतर येणारी ट्रोकी हा ब्लँक व्हर्समधला, म्हणजे यमक नसलेल्या पेंटामीटरमधला, सर्वांत सवयीचा बदल आहे. याच भाषणात ‘लाइफ्स बट’ आणि ‘टोल्ड बाय’ हेही तसेच सुरू होतात. एकटी ट्रोकी फार काही सांगत नाही, फेमिनाइन एंडिंगही नाही. बदल एकाच ठिकाणी गर्दी करू लागले, की कान टवकारायचे.

गर्दी लगेच पुढच्या ओळीत आहे, ‘टु द लास्ट सिलॅबल ऑफ रेकॉर्डेड टाइम’ :

टु-द | लास्ट-सि | लॅ-बल | ऑफ-रि-कॉर | डेड-टाइम

पहिला फूट दोन्ही हलका, दुसरा दोन्ही जड, तिसऱ्यात पुन्हा काहीच ठळक नाही, चौथ्यात तीन सिलॅबल. एकूण अकरा, पण ओळ ‘टाइम’ या जोराच्या सिलॅबलवर संपते, म्हणून हे अकरावं फेमिनाइन एंडिंगच्या खात्यात टाकता येत नाही. काही जण ‘-बल ऑफ’ घाईने एकत्र उच्चारून दहा करतात, तेही चालतं. कसंही मोजा, ठोका दुसऱ्या फुटात साचतो आणि मग ओळ पाय ओढत ‘टाइम’पर्यंत पोचते. जिच्यात ‘सिलॅबल’ हा शब्द आहे त्याच ओळीत सिलॅबलचा हिशेब बिघडावा, हा योगायोग असेलही. मला वाटत नाही.

यानंतरची ‘अँड ऑल अवर येस्टरडेज हॅव लायटेड फूल्स’ ही दहा सिलॅबलची सरळ ओळ. तिच्यावर थांबायचं कारण नाही, पण ती हवीच. नियमित ओळी मधे आल्या नाहीत तर बदल हा बदल वाटणार नाही. तिथून पुढे :

द-वे | टु-डस | टी-डेथ | आउट-आउट | ब्रीफ-कँ | डल

तीन फूट अगदी शिस्तीत, मग ‘डेथ’वर वाक्य संपतं आणि त्याला लागून चार-पाच जड सिलॅबल एकापाठोपाठ. ‘ब्रीफ’ थोडं हलकं म्हणता येतं, त्यावर वाद चालू शकतो. ‘आउट, आउट’वर मात्र नाही, दोन्ही सारखेच जोरात म्हणायला लागतात. उच्चारायला वेळ लागतो आणि भाषणाची चाल इथे अडते.

‘दॅट स्ट्रट्स अँड फ्रेट्स हिज अवर अपॉन द स्टेज’ या ओळीत आपल्याकडच्या वाचकाचे हमखास अकरा भरतात, कारण आपण ‘अ-वर’ म्हणतो. तो शब्द इथे एकाच सिलॅबलचा धरायचा, मग ओळ चोख दहाची होते. ‘टोल्ड बाय’च्या ओळीतल्या ‘इडियट’चंही तसंच, इथे ‘इड-यट’, दोनच. असे शब्द शेक्सपिअर गरजेप्रमाणे लांबवतो-आखडतो, म्हणून ओळ बसत नसेल तर छंदाला दोष देण्याआधी हेच शब्द तपासा. रंगमंचावर मिरवणाऱ्या नटाची ही ओळ इतकी ठाकठीक चालते, याकडेही लक्ष द्या. ती चाल पुढच्या ओळीतल्या ‘नो मोर’वर तोडली जाते.

राहिली तुमची सहाची :

सिग-नि | फाय-इंग | न-थिंग

ही ओळ पेंटामीटर नाहीच. तीन फूट, तेही सगळे उलटे. ‘मग पुढच्या पात्राच्या ओळीने ती पूर्ण होत असेल’ असा संशय येतो, कारण संवाद दोघांत वाटून एक ओळ करणं शेक्सपिअरमध्ये नेहमीचंच. तपासणं सोपं आहे : दोन्ही तुकड्यांची बेरीज दहा-अकराच्या आसपास यायला हवी. इथे लगेच दूत येतो, पण बोलतो मॅकबेथच, आणि त्याची ‘दाऊ कम्स्ट टु यूझ धाय टंग, धाय स्टोरी क्विकली’ ही ओळ स्वतःच अकराची. बेरीज सतरा. हे नाटक प्रथम छापलं गेलं ते 1623 च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात, आणि तिथेही हे दोन शब्द वेगळ्या ओळीवरच आहेत. तेव्हा उरलेल्या दोन फुटांची जागा रिकामी सुटते. ती दूताच्या प्रवेशाने भरायची की नटाच्या गप्प राहण्याने, हे छंद सांगत नाही. ते दिग्दर्शकाने ठरवायचं.