रिकामा महिना नेमका कुठून येतो?

"मॅडम, कॉलेज संपलं की फ्रीलान्सिंग करायचंय, पण पहिल्या वर्षात मधेच महिना-दीड महिना कामच नाही आलं तर काय समजायचं? आपल्याला जमत नाही असंच ना?"

कॉलेजात फ्रीलान्सिंगवर थोडं बोलायला बोलावतात तेव्हा हा प्रश्न येतोच, आणि माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये तर शब्द न शब्द हाच येतो. मी मग एका व्हिडिओ एडिटर मुलाची गोष्ट सांगते.

तो आला तेव्हा फ्रीलान्सिंगचा नववा महिना चालू होता आणि त्या महिन्यात खात्यात काहीच आलं नव्हतं. पाचवा आणि सहावाही कोरडाच गेला होता. "मी एडिटर म्हणून बरा नाहीये, लोकांना कळलंय ते," हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की मला तेच जास्त खटकलं. मी समजूत वगैरे घालत नाही, मी पुरावा मागते, ही माझी जुनी खोड. विचारलं, "कोणी काम परत पाठवलं? पैसे कापले?" म्हणाला, नाही, दोघांनी तर परत काम दिलं. मग म्हटलं पुढच्या वेळी येताना प्रत्येक कामाच्या तीन तारखा लिहून आण, पहिला मेसेज कधी केलास, काम कधी सुरू झालं आणि पैसे कधी आले.

यादी आली. पहिल्या मेसेजपासून पैसे हातात पडेपर्यंत सगळ्यात कमी 41 दिवस, सगळ्यात जास्त 97, आणि बाकीची बहुतेक कामं दोन-सव्वादोन महिन्यांची. म्हणजे आज खात्यात जे येतंय (किंवा येत नाहीये) ते साधारण दोन महिन्यांपूर्वी केलेल्या खटपटीचं फळ. मी त्याला फोन उघडून महिन्यागणिक नवीन लोकांना केलेले मेसेज मोजायला लावले. पहिल्या महिन्यात तीसेक, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात आणि चौथ्यात शून्य. पाचव्यात घाबरून परत ढीगभर, सहाव्यात थोडे, सातव्यात पुन्हा शून्य.

तो बराच वेळ कागदाकडेच बघत बसला. मग म्हणाला, "पण तिसऱ्या महिन्यात तर मी रात्री दोन-दोनपर्यंत काम करत होतो!"

"म्हणूनच पाचवा रिकामा गेला ना," मी म्हटलं.

माझ्या कामात हा क्षण मला फार आवडतो, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही काहीतरी नवीन दिसलं. तोपर्यंत मी मंदीचा महिना आला की त्याच महिन्याबद्दल बोलायचे, आता त्याच्या दोन महिने आधीच्या, धावपळीच्या महिन्याबद्दल विचारते. काम भरपूर असतं तेव्हा नवीन काम शोधणं थांबतं, तिथेच खड्डा पडतो, फक्त दिसतो उशिरा. तेवढ्यात माणूस स्वतःला नालायक ठरवून मोकळा झालेला असतो.

त्यानंतर त्याने काय केलं तर सोमवारी सकाळी एडिटिंग उघडायच्या आधी अर्धा तास, पाच नवीन लोकांना मेसेज, कितीही काम असलं तरी. नवीन कामाला अर्धे पैसे आधी मागायला लागला, त्यामुळे निदान अर्ध्या पैशाची वाट बघणं बरंच कमी झालं. आणि ते 97 दिवसवालं काम आठवतंय ना, त्यातले 22 दिवस तर यानेच संकोचापायी बिल पाठवलं नव्हतं! आता काम दिलं त्याच दिवशी बिल जातं.

पैशाचंही स्पष्ट सांगते. नऊ महिन्यांत त्याने सात महिन्यांच्या खर्चाइतके कमावले, म्हणजे दोन महिन्यांचे कमीच पडले आणि ते घरून आले. पहिले दोन महिने तर काही आलंच नव्हतं, ते त्याने मंदीत मोजलेही नव्हते. म्हणून सुरू करताना निदान तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा, आलेले पैसे वेगळ्या खात्यात टाका आणि त्यातून दर महिन्याला ठरलेलीच रक्कम काढा, चांगल्या महिन्यातसुद्धा.

आता हे सगळ्यांना लागू पडतं असं नाही. नियमित मेसेज करूनही कोणी उत्तरच देत नसेल तर बहुधा माणसं चुकीची निवडताय किंवा नमुन्याचं काम नीट मांडलेलं नाही. बोलणं होतं पण दर सांगितला की लोक गप्प होतात, तर दर आणि त्यात काय काय देणार हे तपासा. आणि झोप, भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल तर याद्या बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, तिथे मेसेज मोजून काही होत नाही.

बाराव्या महिन्यात त्याचा फोन आला. "मॅडम, पुढच्या महिन्यात काही येणार नाहीये. गेल्या महिन्यात तीन आठवडे तापाने पडून होतो, एकही मेसेज गेला नाही."

मी विचारलं, मग?

"मग काही नाही, खात्यात बाजूला ठेवलेत तेवढ्यापुरते. सोमवारचे पाच मेसेज आत्ताच पाठवले."